बाटली अडकली की नुसती थांबली? स्थिर कॅमेऱ्यातून कन्व्हेअरवरचा जाम आणि वाकडं झाकण ओळखायची पद्धत

पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका प्लांटमध्ये मी पहिल्यांदा कॅमेऱ्याने जाम पकडायची यंत्रणा बसवली, तेव्हा पहिल्याच शिफ्टला हूटर इतक्या वेळा वाजला की ऑपरेटरने त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. दुपारी मी गेलो तर म्हणाला, "साहेब, हा ओरडतो तेव्हा काही नसतं. आणि असतं तेव्हा आम्हाला आधीच दिसलेलं असतं." त्याचं बरोबर होतं. माझा प्रोग्रॅम बाटल्या थांबल्या की ओरडत होता, आणि बाटल्या तर लाईनवर दिवसभर थांबतच असतात.

हा लेख त्याच लाईनवर आहे. एक लिटरच्या बाटल्या, मिनिटाला १२०, म्हणजे सेकंदाला दोन. बाटलीची रुंदी ७५ मिमी, झाकण निळं, २८ मिमीचं. फिलिंग आणि कॅपिंग झाल्यावर बाटल्या टेबलटॉप चेनवरून, दोन्ही बाजूंच्या गाईड रेलमधून एका रांगेत लेबलिंग मशीनकडे जातात. चेनचा वेग सेकंदाला ४०० मिमी. तुमच्याकडे डबे असतील, पाऊच असतील, बिस्किटं असतील. आकडे बदलतील, पण मोजायची रीत हीच राहील.

## आधी जाम म्हणजे काय ते ठरवा

टेबलटॉप चेन गुळगुळीत असते. पुढची बाटली थांबली तरी चेन तिच्या बुडाखालून सरकत राहते. लेबलिंग मशीनने रोल बदलायला दहा सेकंद घेतले की मागे बाटल्यांची रांग लागते, मशीन सुरू झालं की ती आपोआप ओसरते. याला जाम म्हणत नाहीत, हे साठणं आहे. लाईन बांधणाऱ्याने त्यासाठीच तेवढी लांब चेन दिलेली असते.

खरा जाम वेगळा असतो. एखादी बाटली आडवी पडते, किंवा गाईड रेल जिथे अरुंद होते तिथे दोन बाटल्या खांद्याला खांदा लावून अडतात. मागे रांग लागते, पुढे मात्र एकही बाटली जात नाही, आणि पुढचं मशीन तर चालूच असतं. म्हणजे जाम ओळखायला एका जागी बघून भागत नाही, दोन जागा लागतात: अडायच्या जागेच्या आधीची आणि नंतरची. मागे भरलेलं आणि स्थिर, पुढे रिकामं, मोटर चालू, आणि हे सगळं एकाच वेळी, ठरावीक सेकंद टिकून. चारातली एक अट जरी गळाली तरी अर्थ बदलतो. मागे भरलेलं आणि पुढेही भरलेलं असेल तर जाम आणखी पुढे कुठेतरी आहे, इथला हूटर वाजवून उपयोग नाही. मागेही रिकामं आणि पुढेही रिकामं असेल तर लाईन उपाशी आहे, फिलिंगकडे बघा.

आमच्या लाईनवर ज्या जागी रोज अडायचं ती फिटरने खडूने दाखवली. तुमच्याकडेही अशी एक-दोन ठिकाणं असतात आणि ती ड्रॉईंगवर सापडत नाहीत. शिफ्टच्या माणसालाच विचारावी लागतात.

## कॅमेरा

जामसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा १९२० × १०८० चा सीसीटीव्ही आयपी कॅमेरा पुरतो. आम्ही तो बाटल्यांच्या माथ्यापासून अडीच मीटर वर, सरळ खाली बघणारा लावला. ६ मिमीच्या लेन्सने तेवढ्या उंचीवरून चेनची साधारण सव्वादोन मीटर लांबी दिसते, आणि एक झाकण साधारण चोवीस पिक्सेलचं येतं. एवढं पुष्कळ झालं.

बसवताना एक चूक सगळे करतात, मीही केली: कॅमेऱ्याचा दांडा कन्व्हेअरच्याच सांगाड्याला कसला. चेन चालू झाली की सांगाडा थरथरतो, आणि चित्रातलं सगळंच हलतंय असं दिसतं. दांडा भिंतीला किंवा शेडच्या खांबाला लावा. तिरका बघणारा कोपऱ्यातला जुना कॅमेराच वापरायचा मोह होतो, कारण तो आधीच बसलेला असतो. पण तिरक्या चित्रात पुढची बाटली मागचीला झाकते आणि भरलेली रांग व सुटी रांग सारखीच दिसते.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो एक्सपोजर आणि ऑटो व्हाईट बॅलन्स बंद करा. शटर १/२५० सेकंदावर पक्कं करा. १/५० ठेवलं तर तेवढ्या वेळात बाटली ८ मिमी सरकते आणि झाकणाच्या कडा पुसट होतात. १/२५० ला हे सरकणं १.६ मिमीवर येतं. पण शटर इतकं लहान केलं की जुन्या चोकच्या ट्यूबलाईटचं लुकलुकणं दिसायला लागतं, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. त्या जागेवर फ्लिकर नसलेल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा टाकला की हा प्रश्न मिटतो.

शेडच्या छताला उजेडासाठी पारदर्शक पत्रे असतात, तेही आधी बघून घ्या. आमच्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला उन्हाचा एक पट्टा चेनवरून सरकत जायचा. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये मी दोन दिवस घालवले. शेवटी वर एक अपारदर्शक पत्रा टाकला, अर्ध्या तासाचं काम होतं.

## बाटली बघू नका, झाकण बघा

बहुतेक जण ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या लायब्ररीतल्या, पार्श्वभूमी वगळून हलणारं तेवढं दाखवणाऱ्या `createBackgroundSubtractorMOG2` पासून सुरुवात करतात. रस्त्यावरच्या गाड्या मोजायला ते चांगलं आहे, जामसाठी नेमकं उलटं. जे बराच वेळ स्थिर राहतं ते पार्श्वभूमी, असं ते स्वतःच शिकत जातं. म्हणजे अडकलेल्या बाटल्या काही सेकंदांत पार्श्वभूमीत विरघळतात आणि प्रोग्रॅमच्या लेखी चेन रिकामी होते. जो प्रसंग पकडायचा तोच ते गिळून टाकतं.

दुसरी अडचण बाटली पारदर्शक असण्याची. रांग गच्च अडकलेली असली तरी बाटल्यांमधून खालची चालती चेन दिसत राहते. फ्रेममधला फरक मोजणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला वाटतं सगळं सुरळीत वाहतंय.

झाकण मात्र अपारदर्शक आहे, निळं आहे, आणि वरून बघताना बाटलीगणिक एकच आहे. म्हणून आम्ही फक्त निळ्या ठिपक्यांवर नजर ठेवली. चित्रावर दोन पट्ट्या आखल्या: 'मागे' ही अडायच्या जागेच्या आधीची ६०० मिमी लांब, ९० मिमी रुंद, आणि 'पुढे' ही त्यानंतर एक मीटर सोडून ३०० मिमी लांब. प्रत्येक पट्टीसाठी दोनच आकडे काढायचे. किती भाग निळा आहे, आणि थोड्या वेळापूर्वीच्या चित्रातला निळा भाग आताच्या निळ्या भागावर किती जुळतो.

```python
import cv2

LO, HI = (100, 90, 50), (130, 255, 255)

def blue(img, box):
    x, y, w, h = box
    hsv = cv2.cvtColor(img[y:y+h, x:x+w], cv2.COLOR_BGR2HSV)
    return cv2.inRange(hsv, LO, HI)

def look(now, old, box):
    a, b = blue(now, box), blue(old, box)
    fill = cv2.countNonZero(a) / a.size
    both = cv2.countNonZero(cv2.bitwise_or(a, b))
    diff = cv2.countNonZero(cv2.bitwise_xor(a, b))
    return fill, diff / max(1, both)
```

`fill` म्हणजे भरलेपण. दुसरा आकडा हलण्याचा: झाकणं जागच्या जागी असतील तर तो शून्याजवळ येतो, पूर्ण सरकली असतील तर एकाजवळ. ओपनसीव्हीत रंगाचा आकडा ० ते १७९ असा धावतो आणि निळा साधारण १०० ते १३० मध्ये बसतो. झाकणांचा नवा लॉट आला की छटा किंचित बदलते, म्हणून दोन-तीन लॉटची झाकणं चेनवर ठेवून या सीमा बघून घ्या.

भरलेपणाची मर्यादा अंदाजाने ठेवायची गरज नाही, ती मोजता येते. २८ मिमीच्या झाकणाचं क्षेत्रफळ ६१६ चौरस मिमी. 'मागे' पट्टीत बाटल्या चिकटून उभ्या असतील तर ६०० भागिले ७५, म्हणजे आठ झाकणं मावतात. पट्टी ५४,००० चौरस मिमीची, त्यातली झाकणं ४,९२८. म्हणजे गच्च भरलेली रांग ०.०९ च्या आसपास येणार. सुट्या वाहत्या रांगेत दोन बाटल्यांत २०० मिमी अंतर असतं, तीनच झाकणं दिसतात, आकडा ०.०३४. या दोहोंच्या मधला ०.०६ आम्ही 'भरलेलं' साठी घेतला. 'पुढे' पट्टीत एक झाकण असलं की ०.०२३ येतो, तेव्हा ०.००५ च्या खाली गेला तर रिकामी. प्रत्यक्षात झाकणाची चमकती जागा निळ्यात धरली जात नाही आणि आकडे थोडे कमी येतात. पण कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांत दुपटीचा फरक पडला, तर रंगाच्या सीमा किंवा पट्टीची जागा चुकली आहे असं समजा.

## अर्ध्या सेकंदाची गंमत

यात एक खाच आहे, ती कळायला मला एक अख्खी रात्रपाळी लागली. 'थोड्या वेळापूर्वीचं चित्र' म्हणजे किती आधीचं? मी सुरुवातीला अर्धा सेकंद घेतला होता. सुट्या रांगेवर सगळं उत्तम चाललं. पण रांग दाटली की, बाटल्या सरळ पुढे जात असतानाही, प्रोग्रॅम सांगायचा की सगळं स्थिर आहे. पडद्यावर डोळ्यांना बाटल्या चालताना दिसतायत आणि आकडा ०.१ च्या खाली.

हिशेब केल्यावर उलगडलं. दाटलेली रांग मिनिटाला १२० च्या गतीने पुढे जाते तेव्हा सेकंदाला दोन बाटल्या, म्हणजे १५० मिमी. अर्ध्या सेकंदात ७५ मिमी. आणि ७५ मिमी हीच बाटलीची रुंदी. म्हणजे अर्ध्या सेकंदाने प्रत्येक झाकण नेमकं पुढच्या झाकणाच्या जागी जाऊन बसत होतं. झाकणं सगळी सारखी, मग प्रोग्रॅमला फरक कसा दिसणार? सिनेमात गाडीचं चाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं, तोच प्रकार.

अंतर ०.२ सेकंदावर आणलं. आता दाटलेली रांग ३० मिमी सरकते, म्हणजे झाकणाच्या रुंदीएवढीच. जुना आणि नवा ठिपका एकमेकांवर येत नाहीत आणि हलण्याचा आकडा एकाजवळ जातो. सुटी रांग तेवढ्या वेळात ८० मिमी जाते, तिचं पुढचं झाकण २०० मिमीवर आहे, तिथेही गोंधळ नाही. तुमच्या लाईनवर हा आकडा असाच काढा: दाटलेल्या रांगेचा वेग घ्या आणि वस्तू आपल्या खुणेच्या रुंदीइतकी सरकायला किती वेळ लागतो ते बघा. पुढच्या वस्तूच्या जागी पोचेपर्यंतचा वेळ मात्र कटाक्षाने टाळा. लाईनची गती बदलत असेल तर ०.१ आणि ०.२ अशा दोन अंतरांनी मोजून जो आकडा मोठा तो धरा.

## किती सेकंद थांबायचं

अटी जुळल्या की लगेच हूटर वाजवायचा नाही. पण किती थांबायचं हे मनाने ठरवू नका. एका चांगल्या चाललेल्या तासाचं रेकॉर्डिंग घ्या आणि 'पुढे' पट्टी सलग किती वेळ रिकामी राहिली त्याची यादी काढा. रोल बदलताना पुढचं मशीन थांबलेलं असतं, ते तुकडे वगळा. आमच्या यादीतलं सर्वांत मोठं साधं अंतर ३ सेकंदांचं निघालं. दुप्पट करून आम्ही ६ सेकंद ठेवले.

या ६ सेकंदांची किंमतही मोजा. तेवढ्या वेळात फिलरकडून १२ बाटल्या येतात, म्हणजे ९०० मिमी रांग वाढते. अडायच्या जागेच्या मागे फिलरपर्यंत चार-पाच मीटर चेन होती, त्यामुळे ऑपरेटरला चालत येऊन बाटली काढायला पुरेसा वेळ मिळायचा. तुमच्याकडे मागे दीडच मीटर जागा असेल तर ६ सेकंद परवडणार नाहीत, आणि मग थोडे खोटे इशारे सोसावे लागतील.

```python
bad = (motor_on and a_fill > 0.06
       and a_move < 0.3 and b_fill < 0.005)
hist.append((t, bad))
while hist and t - hist[0][0] > 6:
    hist.popleft()
full = t - hist[0][0] > 5.5
jam = full and sum(v for _, v in hist) > 0.8 * len(hist)
```

`a_` म्हणजे 'मागे' पट्टीचे आकडे, `b_` म्हणजे 'पुढे' पट्टीचे, `move` म्हणजे हलण्याचा आकडा आणि `t` म्हणजे सेकंदांतली वेळ. `hist` ही `deque` आहे. सलग सहा सेकंद अट खरी हवी असं लिहिलं तर एकाच खराब फ्रेमने मोजणी शून्यावर जाते, म्हणून सहा सेकंदांतल्या फ्रेमपैकी ८० टक्क्यांवर समाधान मानलंय. हलण्याची मर्यादा ०.३ एवढी ढिली का? कारण अडकलेली रांग पुतळ्यासारखी उभी नसते. खालून चेन घासत असते आणि बाटल्या जागच्या जागी थरथरतात.

`motor_on` कुठून आणायचं? लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, म्हणजे पीएलसीचा, एक आउटपुट मिळाला तर सर्वांत उत्तम. पण पुष्कळदा पॅनेलला हात लावायची परवानगी नसते. तेव्हा चेनच्या शेवटच्या शाफ्टच्या टोकाला ऑइलपेंटने एक पांढरा ठिपका द्या आणि तो कॅमेऱ्यात येईल असं बघा. वरून दिसत नसेल तर टॉवर लॅम्पचा हिरवा दिवा चित्रात घ्या. मात्र हा दिवा मशीन 'तयार' असताना लागतो की 'चालू' असताना, ते ऑपरेटरसमोर बटण दाबून तपासा. आमच्याकडे तो तयार असतानाच लागायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत हूटर वाजायचा.

## जिथे यंत्रणा फसते

सीसीटीव्ही कॅमेरे अंधार पडला की स्वतःहून रात्रीच्या मोडमध्ये जातात. चित्र काळंपांढरं होतं, निळा रंगच उरत नाही, भरलेपण शून्य होतं. संध्याकाळी शेडमधले अर्धे दिवे बंद केले की हे घडतं, आणि मग रात्रभर जाम झाला तरी कोणी ओरडत नाही. खोट्या इशाऱ्यापेक्षा हे वाईट, कारण कळतच नाही. डे-नाईट स्विच कायम 'डे' वर ठेवा.

कॅमेऱ्याचं प्रक्षेपण गोठणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट आहे. नेटवर्क अडखळलं की तीच फ्रेम पुन्हा पुन्हा येते, हलणं शून्य दिसतं. यावर सोपा तोडगा असा: चित्रावरची तारीख-वेळेची छाप बंद करू नका, फक्त ती पट्ट्यांच्या बाहेर ठेवा, आणि सेकंदाचे अंक जिथे बदलतात तो छोटा चौकोन दर दोन सेकंदांनी तपासा. अंक बदलले नाहीत तर इशारा जामचा नको, 'कॅमेरा बंद' असा द्या. फ्रेम वाचायचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकून फक्त सर्वांत ताजी फ्रेम ठेवणंही गरजेचं आहे, नाहीतर प्रोग्रॅम मागे पडत जातो आणि दोन मिनिटांपूर्वीचा जाम आता सांगतो.

आणि हातमोजे. अन्नपदार्थांच्या कारखान्यात ते बहुतेक निळेच असतात, तुटलेला तुकडा मालात पडला तर पटकन दिसावा म्हणून. ऑपरेटरने बाटली सरळ करायला हात घातला की पट्टी एकदम 'भरते'. आमच्याकडे हात 'पुढे' पट्टीत गेला की जामची मोजणीच पुसली जायची. उपाय म्हणून निळे ठिपके `findContours` ने वेगळे केले आणि झाकणाच्या दीडपटीहून मोठा ठिपका मोजणीतून काढून टाकला. डोक्यावरच्या निळ्या टोप्याही त्यातच गेल्या.

एक गोष्ट या पद्धतीने जमत नाही. पडलेल्या बाटलीचं झाकण गाईड रेलखाली गेलं तर ती मुळी दिसतच नाही. ती जोवर रांग अडवत नाही तोवर आपल्याला कळणार नाही. पडताक्षणीच पकडायची असेल तर पडलेल्या बाटल्यांची चित्रं गोळा करून मॉडेल शिकवावं लागतं. ते करायला घेतलंत तर शिकवायची आणि तपासायची चित्रं वेगवेगळ्या दिवसांची घ्या. एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या फ्रेम दोन्हीकडे वाटल्या तर तपासणीत निकाल फार देखणा येतो आणि लाईनवर तोंडघशी पडायला होतं.

## वाकडं झाकण: इथे सीसीटीव्ही चालणार नाही

आमच्या जामचा माग काढत मागे गेलो तेव्हा काही बाटल्यांची झाकणं वर राहिलेली किंवा कलती आढळली. लेबलिंगच्या आधी बाटली वरून धरणारा पट्टा होता, त्यात अशी बाटली अडायची. म्हणून कॅपिंगनंतर लगेच दुसरा कॅमेरा लावला. हा औद्योगिक कॅमेरा, ग्लोबल शटरचा, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा. सीसीटीव्हीत चित्राच्या ओळी एकामागून एक टिपल्या जातात, त्यामुळे धावत्या बाटलीच्या उभ्या कडा आपोआप कलतात, आणि आपल्याला मोजायचा आहे नेमका कलच. शिवाय आयपी कॅमेऱ्याचं चित्र उशिरा पोचतं आणि तो उशीर कमीजास्त होतो. जामसाठी चालतं, एक ठरावीक बाटली बाजूला ढकलायची असेल तर चालत नाही.

कॅमेरा बाजूने, झाकणाच्या उंचीवर. आणि बाटलीच्या पलीकडे सपाट एलईडी पॅनेल. पाठीमागून उजेड आला की झाकण काळी सावली होऊन जातं, रंग, चमक, छपाई सगळं गळून फक्त आकार उरतो. चित्राची रुंदी १६० मिमी ठेवली, १२८० पिक्सेलमध्ये, म्हणजे मिलिमीटरला ८ पिक्सेल. बाटल्यांत २०० मिमी अंतर असल्याने एका वेळी एकच झाकण दिसतं. शटर १/२०००, तेवढ्यात बाटली ०.२ मिमी सरकते, दीड पिक्सेल. सेकंदाला ३० फ्रेमने प्रत्येक बाटली साधारण बारा फ्रेममध्ये येते. त्यातली झाकण मधोमध असलेली एकच वापरायची, कारण कडेला लेन्स आकार वाकवते.

मोजायच्या गोष्टी दोन. पहिली कल: झाकणाच्या माथ्याची डावी कड आणि उजवी कड यांच्या उंचीतला फरक. तीन अंश कललेल्या झाकणात २८ मिमीवर हा फरक दीड मिमीच्या जवळ, म्हणजे बारा पिक्सेल येतो. सहज दिसतो. दुसरी उंची, आणि ती चित्राच्या तळापासून मोजू नका. चेनवर बाटली उड्या मारते. मानेला झाकणाखाली जी आडवी कडी असते ती संदर्भ धरा. पारदर्शक असली तरी पाठीमागच्या उजेडात तिची कड काळी उमटते. कडीपासून माथ्यापर्यंतचं अंतर बाटली कितीही उडाली तरी तेवढंच राहतं.

मर्यादा ठरवायला हाताने तपासलेल्या २०० चांगल्या बाटल्या पळवा, आणि दोन्ही मापांची सरासरी व पसारा काढा. आमच्या उंचीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, दीड पिक्सेलचा आला. त्याच्या चौपट, सहा पिक्सेल, म्हणजे पाऊण मिमी वर गेलेलं झाकण बाद. एक मिमी वर राहिलेलं आठ पिक्सेल देतं, ते पकडलं जातं. अर्धा मिमी वर असलेलं सुटतं, आणि ते सुटू देणं शहाणपणाचं आहे. तासाला ७,२०० बाटल्या जातात. समजा हजारात एक खराब, तर तासाला सात. मर्यादा आवळून शंभरात एक चांगली बाटली चुकून बाद व्हायला लागली, तर सात खऱ्यांबरोबर बहात्तर खोट्या बाद बाटल्यांच्या ट्रेमध्ये पडतील. मग ट्रे बघणं सोडून देतात, आणि पुढच्या शिफ्टला यंत्रणेचं बटण बंद झालेलं असतं.

एका कॅमेऱ्याची एक उणीव लक्षात असू द्या. झाकण डावीकडे-उजवीकडे कललं तर दिसतं. नेमकं कॅमेऱ्याकडे किंवा त्याच्या उलट्या बाजूला कललं तर दोन्ही कडा समान उंचीवर येतात आणि फक्त माथा किंचित वर गेलेला दिसतो. त्यातली थोडी उंचीच्या मापात सापडतात, बाकीची निसटतात. पहिल्याशी काटकोनात दुसरा कॅमेरा लावणं हाच खरा इलाज.

## बाद बाटली नेमकी ढकलायची

हवेच्या झोताने बाटली ढकलणारी जागा कॅमेऱ्यापासून ६०० मिमी पुढे होती. ४०० मिमीच्या वेगाने दीड सेकंद. पण दीड सेकंदाचा टायमर लावू नका. चेनची गती ड्राईव्हवरून कमीजास्त केली जाते, आणि लाईन मध्येच थांबली तर टायमर भलत्याच बाटलीला उडवतो. शाफ्ट फिरेल तसे पल्स देणारा एन्कोडर शाफ्टवर बसवा. आमचा मिलिमीटरला एक पल्स देत होता, म्हणून चित्र टिपल्यावर ६०० पल्स मोजून झोत सोडायचा. चेन थांबली की पल्सही थांबतात. मात्र ढकलायच्या जागेपर्यंत रांग दाटत आली तर बाटल्या चेनवर घसरतात आणि पल्स व बाटली यांचं नातं तुटतं. म्हणून ही जागा कॅपिंगच्या शक्य तितकी जवळ, साठणाऱ्या भागाच्या बाहेर हवी.

दर शिफ्टच्या सुरुवातीला खुणेच्या बाटल्या सोडा. आम्ही नऊ ठेवल्या होत्या: तीन बिनझाकणाच्या, तीन उंच झाकणाच्या, तीन कललेल्या, प्रत्येकीच्या अंगावर लाल मार्करने आकडा. कललेल्या तीन तीन वेगळ्या दिशांना तोंड करून ठेवायच्या. ट्रेमध्ये किती आल्या ते वहीत लिहायचं, सही शिफ्ट इनचार्जची. आणि नवापैकी आठच आल्या तर लाईन तिथेच थांबवून नववी आधी हातात घ्यायची, कारण ती सीलबंद खोक्यात गेली तर लाल आकड्यासकट दुकानात पोचते.